जुन्या यादीतली पानं पुसताना

नवं सॉफ्टवेअर घेतलेल्या पतसंस्थांना जुन्या ठेवीदारांची यादी त्यात भरताना एक ठरलेली अडचण येते. मूळ माहिती डॉसवरच्या फॉक्सप्रो किंवा क्लिपर प्रोग्रॅममध्ये असते. तो प्रोग्रॅम आता चालत नाही, पण छपाईसाठी तयार केलेली टेक्स्ट फाइल सापडते. ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी बनवलेली असते. अकरा इंच लांबीचा कागद आणि इंचाला सहा ओळी, म्हणून पानाला 66 ओळी. पान भरलं की प्रोग्रॅम `EJECT` ही आज्ञा द्यायचा आणि फाइलमध्ये फॉर्म फीड हे एक अदृश्य चिन्ह पडायचं. आस्की तक्त्यात त्याचा क्रमांक 12 आहे. हे चिन्ह आलं की प्रिंटर कागद पुढच्या पानाच्या माथ्यापर्यंत सरकवायचा.

फाइल `less` किंवा `vi`मध्ये उघडली तर हे चिन्ह `^L` असं दिसतं. नोटपॅड++ मध्ये ते `FF` लिहिलेल्या काळ्या चौकटीसारखं दिसतं. दोन पानांमधला सांधा साधारण असा असतो:

```
 1043  SHAIKH A M        8,200.00
                C/F  1,00,000.00
^L    DEPOSIT LIST       Page  2
 --------------------------------
                B/F  1,00,000.00
 1044  PATIL S R        12,500.00
```

हे पाहून बरेच जण `^L` असलेली प्रत्येक ओळ उडवून टाकतात. वरच्या नमुन्यात ते खपून जातं, कारण चिन्हाला शीर्षक चिकटलेलं आहे. पण कित्येक अहवालांत शीर्षक फक्त पहिल्या पानावर असतं. तिथे हे चिन्ह थेट एखाद्या खातेदाराच्या ओळीच्या सुरुवातीला बसतं, आणि ओळ गेली की त्याची ठेवही जाते. नुसतं चिन्ह पुसणंही धोक्याचं आहे. प्रोग्रॅमने शेवटच्या नोंदीनंतर ओळ न तोडताच पान बदललं असेल, तर ती नोंद आणि पुढच्या पानाचं शीर्षक एकमेकांना चिकटतात. म्हणून चिन्हाच्या जागी नवी ओळ घालावी. त्याने फार तर एखादी रिकामी ओळ वाढते.

त्यासोबत प्रिंटरच्या इतर खुणाही काढाव्यात. बारीक अक्षरं सुरू करणारी 15 क्रमांकाची, ती बंद करणारी 18 क्रमांकाची आणि डॉसमध्ये फाइलचा शेवट दाखवणारी 26 क्रमांकाची. `tr` आज्ञेत हे आकडे अष्टमान पद्धतीने लिहितात:

```
tr '\f' '\n' < YADI.TXT |
 tr -d '\r\017\022\032' > saf.txt
```

हे लिनक्स किंवा मॅकवर चालतं. विंडोजवर नोटपॅड++ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून `\f` शोधावं आणि त्या जागी `\r\n` घालावं.

आता शीर्षकं, रेघा आणि पानापानाच्या बेरजा उरतात. नको असलेल्या ओळींची यादी करत बसलं, तर एखादा प्रकार हमखास सुटतो. त्यापेक्षा हवी असलेली ओळ कशी दिसते ते सांगणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आपल्या नमुन्यात ती खातेक्रमांकाने सुरू होते आणि दोन दशांश स्थळांच्या रकमेने संपते:

```
P='^ *[0-9]+ .*[0-9]\.[0-9][0-9] *$'
grep -E "$P" saf.txt > nondi.txt
grep -vE "$P" saf.txt > urlele.txt
```

`C/F` म्हणजे पुढे नेलेली बेरीज आणि `B/F` म्हणजे मागील पानावरून आणलेली. या ओळी आत राहिल्या तर किती घोळ होतो, ते तीन पानांच्या अहवालात पाहू. पानांवर अनुक्रमे 1,00,000, 1,20,000 आणि 80,000 रुपयांच्या ठेवी आहेत. खरी बेरीज 3,00,000. पहिल्या सांध्यावर 1,00,000 दोनदा छापले जातात, दुसऱ्यावर 2,20,000 दोनदा आणि शेवटी एकूण 3,00,000. सगळं तसंच आयात केलं तर बेरीज 12,40,000 येते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. एखाद-दुसरी नोंद गळाली तर ती नुसत्या नजरेने सापडत नाही.

त्यासाठी `nondi.txt` मधल्या रकमांची बेरीज अहवालाच्या शेवटच्या एकूण रकमेशी ताडून पाहावी, आणि शेवटी खात्यांची संख्या छापलेली असेल तर तीही. जितकी पानं, त्याहून बरोबर एक कमी इतक्या नोंदी गळाल्या असतील, तर प्रत्येक पानाची पहिली ओळ चिन्हासकट गेली असण्याची दाट शक्यता आहे. 

काही प्रोग्रॅम फॉर्म फीड न वापरता 66 ओळी भरेपर्यंत रिकाम्या ओळी टाकत. अशा फाइलमध्ये `\f` सापडणारच नाही, पण ओळीच्या आकारावरून केलेली निवड तिथेही चालते. तिची मर्यादा दोन ओळींच्या नोंदींत दिसते. खातेदाराखालच्या ओळीत वारसाचं नाव असेल, तर ती ओळ `urlele.txt` मध्ये जाते आणि रकमांची बेरीज मात्र तंतोतंत जुळते. म्हणून बेरीज जुळल्यावरही `urlele.txt` उघडून वाचावी, आणि शीर्षकं, रेघा व बेरजा यांखेरीज त्यात काही दिसलं, तर आयात तिथेच थांबवावी.