सुधारलेली सूचना आणि बिघडलेले उत्तर

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून हवामानावर आधारित कृषी सल्ला मराठीत निघतो. त्यात आमच्या हिंगोली जिल्ह्याचाही समावेश असतो. सल्ला उपयोगाचा खरा, पण लांबलचक. सोयाबीन, कापूस, तूर, हळद, फळबाग, जनावरे असे सगळे एकापाठोपाठ येते, आणि वसमतकडच्या हळदवाल्याला त्यातल्या चारच ओळी हव्या असतात. म्हणून आमच्या भागातील एका शेतकरी गटाने संगणकाच्या भाषा-प्रतिमानाकडून, म्हणजे हल्ली ज्याला एआय म्हणतात त्याच्याकडून, या सल्ल्याचा साठ शब्दांचा निरोप करून घ्यावयास सुरुवात केली. निरोप मोबाईलवर जातो. मराठी वाचता येणारी आणि शेत ठाऊक असलेली माणसे तपासणीसाठी हवी होती, म्हणून आम्हा दोघी मैत्रिणींना बोलावले. त्या कामात जी पद्धत शिकले ती येथे सांगते.

या यंत्राला काम सांगावयाचे ते साध्या भाषेत लिहून. त्या लेखी सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. ‘खालील सल्ल्यातील फक्त हळदीचा भाग घे, साठ शब्दांत लिही, औषधाचे प्रमाण जसेच्या तसे ठेव’ अशी ती सूचना असते. कोणालाही वाटेल, की एक वाक्य बदलले तर तेवढ्यापुरताच फरक पडेल. तसे होत नाही. घराचे एक कौल बदलले तर बाकीची जागीच राहतात; येथे मात्र पूर्ण सूचना यंत्र एकदम वाचते आणि प्रत्येक शब्द निवडताना तिच्यातील प्रत्येक वाक्याचा थोडाथोडा परिणाम होतो. भाषा सोपी कर म्हटले, तर भाषेबरोबर आणखी काय ‘सोपे’ होईल याचा नेम नाही. शिवाय सूचना तीच ठेवली तरी ते प्रतिमान चालविणारी कंपनी त्याची नवी आवृत्ती आणते, आणि आपल्याकडे काहीही न बदलता उत्तरे बदलतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर, पूर्वी बरोबर येणारे आता बिघडले की काय, हे मुद्दाम पाहावे लागते. संगणकाच्या धंद्यात याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. पाऊल मागे पडले का, याची तपासणी असे आपण म्हणू.

या तपासणीला दोन वस्तू लागतात. पहिली ठरलेला नमुनासंच. मागील खरीप हंगामातील सल्ल्यांतून आम्ही ४० उतारे निवडले. डोळे मिटून उचलले नाहीत. निम्मे नेहमीचे, सरळ उतारे होते. दहा मुद्दाम अवघड होते, म्हणजे दोन औषधांची दोन निरनिराळी प्रमाणे असलेले, किंवा ज्यात हळदीबद्दल काहीच नाही असे. (अशा वेळी निरोप ‘या वेळी हळदीसाठी वेगळा सल्ला नाही’ एवढाच यावयास हवा, पण यंत्राला रिकामे राहणे जमत नाही, ते काहीतरी रचून देते.) उरलेले दहा म्हणजे ज्यांच्यावर पूर्वी तक्रार आली होती ते. एकदा संच ठरला, की तो बदलावयाचा नाही. प्रश्नपत्रिका दरवर्षी वेगळी असेल तर यंदाचे ६० आणि गेल्या वर्षीचे ५५ यांची तुलना करता येत नाही, तसेच हे आहे. याखेरीज आणखी १० उतारे बाजूला ठेवले होते, आणि सूचना लिहिणाऱ्या दादांना ते दाखवावयाचे नाहीत असे ठरले. नाहीतर माणूस नकळत त्या चाळिसांपुरतीच सूचना घासूनपुसून ठेवतो.

दुसरी वस्तू गुणपत्रक. येथे आमचा बराच वेळ गेला. पहिल्या कच्च्या पत्रकात ‘भाषा चांगली आहे का’ असा एक रकाना होता. मैत्रिणीने ज्या निरोपाला दोन गुण दिले त्यालाच मी शून्य दिला, कारण तिला प्रमाण मराठी चांगली वाटली आणि मला घरी बोलतात ती. दोघींचे गुण जुळत नसतील तर दोष बहुधा पत्रकातील शब्दांचा असतो. मग ते असे बदलले: ‘शेतकऱ्याला दुसऱ्या कोणाला अर्थ विचारावा लागेल असा एकही शब्द नाही: २ गुण. असा एक शब्द आहे: १ गुण. एकाहून अधिक आहेत: शून्य.’ त्यानंतर मतभेद क्वचितच झाले, आणि झाले तेथे कोणता शब्द, यावर बोट ठेवून बोलता येऊ लागले.

पत्रकात दोन प्रकारची कलमे होती. आकडे, एकके आणि औषधाचे नाव मूळ सल्ल्याप्रमाणे आहे का, आणि मूळात नाही असे काही घुसडले आहे का, ही दोन कलमे गुणांची नव्हेत, उंबरठ्याची. मूळात ‘१० लिटर पाण्यात २० मिली’ असेल आणि निरोपात ‘१ लिटरला २० मिली’ आले तर औषध दहापट झाले. अशा निरोपाला बाकीच्या गोष्टींसाठी गुण देण्यात अर्थ नाही, तो नापासच. आकड्यांची ही तपासणी एका लहान प्रोग्रामने होते: निरोपातील प्रत्येक आकडा मूळ मजकुरात आहे की नाही ते तो पाहतो. गंमत अशी, की मूळात 20 आणि निरोपात २० असे आले, तर बिचाऱ्या प्रोग्रामला ते दोन निराळे आकडे वाटले. तेव्हा आधी सर्व आकडे एका लिपीत आणून मग ताडून पाहावे लागतात. पण आकडा बरोबर असून एकक चुकले, तर ते मात्र माणसालाच पाहावे लागते.

गुणांची कलमे दोनच: भाषा, आणि ‘अट व मर्यादा’. प्रत्येकी दोन गुण, म्हणजे ४० उताऱ्यांचे एकूण १६० गुण. अट म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. ‘वापसा आल्यावर खत द्यावे’ यात खत द्यावे ही कृती झाली. वापसा ही अट. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल असते, पण चिखल उरलेला नसतो आणि शेतात काम करता येते, ती स्थिती म्हणजे वापसा. आमच्या घरात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कॉलेजात मात्र मला तो दोघा-तिघांना सांगावा लागला. तसेच ‘पावसाची उघाड बघून फवारणी करावी’ यातील उघाड. मर्यादेचे उदाहरण ‘तुरळक ठिकाणी पाऊस’. हवामान खात्याच्या परिभाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. हा शब्द पाऊस किती जोराचा याबद्दल नाही, किती जागी याबद्दल आहे.

आता प्रत्यक्ष घडले ते. निरोपांची भाषा पुस्तकी आहे अशी तक्रार होती, आणि ती खरीच होती. म्हणून सूचनेत एक वाक्य वाढविले: ‘सोप्या बोलीभाषेत लिहा.’ जुन्या आणि नव्या, दोन्ही सूचनांनी चाळीसही निरोप काढले, तेही प्रत्येकी तीन वेळा. कारण हे यंत्र तेच विचारले तरी दरवेळी शब्द थोडे फिरवते, आणि एकदा बरे आले म्हणून नेहमी येईलच असे नाही. तीनपैकी सर्वात कमी गुण तेवढे धरले. जुने कोणते व नवे कोणते हे आम्हाला कळू नये म्हणून कागद मिसळून दिले होते.

जुन्या सूचनेला भाषेत ८० पैकी ५१ आणि अटींत ७४, मिळून १२५ गुण पडले. नवीला भाषेत ६९ आणि अटींत ६६, मिळून १३५. उंबरठ्यावर दोन्ही पास. एकूण बेरीज दहांनी वाढली, तेव्हा नवी सूचना चालू करावी असे कोणीही म्हणेल, आणि तेथे बसलेले काहीजण म्हणालेही. परंतु बेरीज येथे फसवी असते. उताराश: पाहिले तेव्हा असे दिसले, की अटींचे आठ गुण सगळीकडून थोडेथोडे गेलेले नाहीत; चार उताऱ्यांत ते दोनाचे शून्य झालेले आहेत. दोन ठिकाणी वापसा गळाला होता. एका ठिकाणी उघाड गळाली, आणि निरोप नुसता ‘फवारणी करून घ्या’ असा झाला. चौथ्यात ‘तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता’ याचे ‘आपल्याकडे पाऊस पडणार आहे’ झाले. वाचायला चारही निरोप आधीपेक्षा गोड. बोलीभाषेत लिहा म्हटल्यावर यंत्राने अवघड वाटणारा शब्द सोपा करण्याऐवजी काढूनच टाकला. त्यातही वापसा हा शब्द अवघड नाहीच. तो बोलीतलाच आहे. पण यंत्र ज्या मजकुरावर शिकले त्यात तो कमी वेळा आला असावा, असा माझा तर्क आहे.

यामुळे नियम असा ठरला: एकूण गुण कितीही वाढोत, पूर्वी दोन गुण मिळविणारा एकही उतारा अटीच्या कलमात खाली आला तर बदल थांबवावयाचा. ते सोप्या भाषेचे वाक्य काढून टाकले नाही, त्याच्यापुढे दुसरे जोडले: ‘मूळात असलेली अट, वेळ आणि ठिकाणाची मर्यादा गाळू नका, वापसा, उघाड, तुरळक हे शब्द तसेच ठेवा.’ पुन्हा सगळे चाळीस उतारे काढले. फक्त बिघडलेले चार तपासून चालत नाही, कारण नवे वाक्य दुसरीकडे काय करील हे ठाऊक नसते. आणि ते तसे झालेच. अटी ७४ वर परत आल्या, भाषा ६६ वर राहिली, पण पाच निरोप साठ शब्दांच्या बाहेर गेले. यंत्र सुरुवातीस ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो’ वगैरे लिहीत असे, ते बंद करविले. तिसऱ्या फेरीत अटी व भाषा जागीच राहिल्या आणि लांबीत फक्त एक उरला. त्याच्या मूळ उताऱ्यातच तीन निरनिराळी कामे होती, म्हणून तो स्वीकारला. मग बाजूला ठेवलेले दहा काढले. त्यांतही अट गळाली नव्हती, तेव्हा कोठे नवी सूचना चालू झाली.

चाळीसपैकी चाळिसांत आकडे बरोबर आले याचा अर्थ मात्र जपून लावावा. शंभर निरोपांत सातांत चूक करणारे यंत्रसुद्धा चाळीस उताऱ्यांतून दैवयोगाने बिनचूक पार पडू शकते; वीस वेळा पाहिले तर साधारण एकदा तसे घडेल. म्हणजे आमचा संच मोठे बिघाड पकडतो, क्वचित होणारे नाही. म्हणून ज्यात औषधाचे प्रमाण आहे असा प्रत्येक निरोप पाठविण्यापूर्वी आजही माणूस वाचतो.

दुसरी अडचण हंगामाची. आमचे सर्व उतारे खरिपाचे. हळद शिजविणे, वाळविणे याचा सल्ला येतो तेव्हा हा संच मुका आहे. त्यासाठी १२ नवे उतारे निवडून झाले आहेत. ते जुन्या चाळिसांत मिसळण्याआधी चालू असलेल्या सूचनेवर त्यांचे गुण काढून लिहून ठेवावयाचे आहेत, कारण पुढची तुलना त्याच आकड्यांशी होईल. ते काम सहामाही परीक्षेनंतर करावयाचे ठरले आहे.