उत्तरपत्रिका कुणाच्या हाती?

तिसरीतल्या मुलाची बुद्धिमापन चाचणी पुण्यात झाली, आता कुटुंब नाशिकला चाललंय. पालक मूळ उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागतात. मूल त्यांचंच, पण त्या कागदावर चाचणीचे प्रश्नही असतात. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, की पुढची मुलं उत्तरं पाठ करून येतात. मग शब्दार्थांत गुण भरघोस आणि ठोकळ्यांच्या रचनेत मूल अडखळतं, अशी संशयास्पद तफावत दिसते.

म्हणून पालकांना गुण आणि त्यांचा अर्थ सांगणारा सविस्तर अहवाल द्यावा. तो त्यांचा हक्कच आहे. उत्तरपत्रिकेची प्रत मात्र पालकांच्या लेखी संमतीने, सीलबंद पाकिटातून थेट नाशिकच्या मानसशास्त्रज्ञाकडे जावी. कुणाला, कधी, काय पाठवलं याची नोंद वहीत करावी. मूळ कागद कुलूपबंद कपाटातच राहतो.