छायाचित्रांतील अवतरणे आणि पृष्ठांक

श्रीरामपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला शेजारच्या राहुरीविषयी निबंध लिहायचा आहे असे समजा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त राहुरीच्या वास्तव्याच्या आठवणी आहेत. पुस्तक वाचनालयातून घरी नेता येत नाही, म्हणून तो मोबाइलवर पानांची छायाचित्रे घेतो. घरी आल्यावर त्यांतून अवतरणांची यादी कशी करावी?

पहिले छायाचित्र मजकुराचे नव्हे, तर शीर्षकपानाचे आणि त्याच्या मागील बाजूचे घ्यावे. ‘स्मृतिचित्रे’ १९३०च्या दशकात भागाभागांनी निघाले. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या, संक्षिप्तही झाल्या. एकच वाक्य प्रत्येक आवृत्तीत निराळ्या पानावर असते. म्हणून आवृत्ती आणि वर्ष नोंदवले नाही, तर पृष्ठांकाला अर्थ उरत नाही. त्यानंतर प्रत्येक पान पृष्ठांकासह पूर्ण टिपावे. मोबाइलने छायाचित्राला दिलेला क्रमांक हा पृष्ठांक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी आज्ञावली वापरून मजकूर मिळवता येतो. पण ती ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गफलत करते, अनुस्वार गाळते, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटलेलाच ठेवते. कडेचा ‘न’ सुटला तर वाक्याचा अर्थच उलटतो. असे वाक्य वाचताना खटकत नाही, म्हणून प्रत्येक अवतरण छायाचित्रासमोर ठेवून शब्दाशब्दाने ताडून पाहणे भाग आहे. जुने शुद्धलेखन मात्र दुरुस्त करू नये. ते मूळ लेखिकेचे आहे.

पृष्ठांकाचीही तपासणी करावी. उघड्या पुस्तकात उजवे पान बहुधा विषम आणि डावे सम असते. उजव्या पानाचा अंक १२४ असा आला, तर चूक लगेच कळते. पण १ आणि ९ यांची अदलाबदल या कसोटीतून निसटते, कारण दोन्ही विषम आहेत. २११ चे २१९ झाले, तर शेजारच्या पानांवरील २१० आणि २१२ हे अंकच ती चूक दाखवतात.

यादीत पाच रकाने पुरेत: अनुक्रमांक, अवतरण, पृष्ठांक, वाक्य कोणाचे आणि छायाचित्राचा क्रमांक. आत्मचरित्रात लेखिका इतरांचे बोलणेही सांगते, म्हणून चौथा रकाना हवा. वाक्य दोन पानांवर पसरले असेल, तर ‘पृ. २११–१२’ असे लिहावे. मधले शब्द गाळल्यास तीन टिंबे द्यावीत आणि स्वतःचा शब्द घातल्यास तो चौकटी कंसात ठेवावा. स्वतःच्या भाषेतील सारांश अवतरणचिन्हांत कधीही घालू नये.

शेवटी यादीतील कोणत्याही तीन नोंदी मित्राकडे द्याव्यात. त्याला ती वाक्ये त्याच आवृत्तीत, त्याच पानांवर सापडायला हवीत. एक जरी सापडले नाही, तरी सगळी यादी पुन्हा तपासावी.