खोकल्याचा ठसका आणि डोक्यामागची कळ

पस्तिशीतली एखादी शिक्षिका डॉक्टरांना सांगते, "खोकला आला की डोक्यात मागच्या बाजूला सणकन कळ जाते आणि मिनिटाभरात ओसरते." शिंकताना, शौचाला जोर करताना, पाण्याची बादली उचलताना, कधी पोट धरून हसतानाही तेच होतं. एरवी डोकं अजिबात दुखत नाही. अशी तक्रार बहुतेक वेळा मायग्रेन, अ‍ॅसिडिटी नाहीतर 'मानेचा स्पॉन्डिलायटिस' यांच्या खात्यावर जमा होते. कळ नेमकी कशाने येते आणि किती वेळ टिकते, हे दोनच प्रश्न विचारले तरी दिशा बदलते.

खोकल्याने उठणाऱ्या डोकेदुखीचे दोन प्रकार आहेत. एकात मेंदूत कुठलाही दोष सापडत नाही. ही डोकेदुखी बहुधा चाळिशीनंतर सुरू होते आणि इंडोमेथासिन या गोळीने बऱ्याच जणांची थांबते. दुसऱ्यात मुळाशी काहीतरी कारण असतं. खोकल्याने डोकं दुखणाऱ्या एकूण रुग्णांपैकी साधारण 40 टक्क्यांमध्ये असं कारण सापडतं, आणि त्यातलं सर्वांत जास्त आढळणारं म्हणजे कियारी विकृती. हान्स कियारी या शरीरविकृतीतज्ज्ञाने प्रागमध्ये 1891 साली तिचं वर्णन केलं.

कवटीच्या तळाशी एक मोठं भोक असतं. मेंदूचा देठ त्यातून खाली उतरतो आणि पुढे त्याचाच मज्जारज्जू होतो. या भोकाच्या वर, मागच्या खळग्यात लहान मेंदू बसतो. काही जणांत हा खळगा जन्मतःच उथळ आणि अरुंद घडतो. मेंदू नेहमीच्याच आकाराचा असतो, जागा मात्र अपुरी पडते. मग लहान मेंदूची खालची दोन टोकं, ज्यांना डॉक्टर टॉन्सिल म्हणतात (घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा संबंध नाही), भोकातून मानेत उतरतात आणि तिथे बुचासारखी अडकून बसतात.

खोकताना छातीतला आणि पोटातला दाब एकदम वाढतो. तो शिरांमधून पाठीच्या कण्यातल्या पाण्यापर्यंत पोचतो आणि ते पाणी वर ढकललं जातं. वाट मोकळी असेल तर हा दाब लगेच समतोल होतो. वाट अडलेली असेल तर क्षणभर वर एक दाब, खाली दुसरा, अशी स्थिती होते आणि टॉन्सिल ताणली, दाबली जातात. कळ मागच्याच बाजूला का आणि इतकी थोडा वेळ का, याचं उत्तर यात आहे.

आपल्या शिक्षिकेचा आधी सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. इथेच फसगत होते. मेंदूच्या मागच्या खळग्याभोवती जाड हाडं असल्यामुळे सीटीत त्या भागात पट्टे उमटतात आणि मऊ भाग नीट दिसत नाही. शिवाय सीटीची नेहमीची चित्रं आडव्या कापांची असतात. एमआरआयमध्ये मात्र डोकं नाकाच्या रेषेत उभं कापल्यासारखं चित्र मिळतं. रेडिओलॉजिस्ट भोकाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एक रेघ ओढतो आणि टॉन्सिल तिच्या किती खाली आहेत ते मोजतो. 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर निदान कियारीकडे झुकतं. शिक्षिकेत हे अंतर 9 मिलिमीटर निघतं, आणि टॉन्सिलची टोकं गोल असायच्या ऐवजी टोकदार झालेली असतात.

पण नुसत्या मिलिमीटरवर विसंबू नये. कुठलाही त्रास नसलेल्या काही जणांतही टॉन्सिल खाली आढळतात, आणि त्यांना बहुधा काहीच करावं लागत नाही. म्हणून गरज वाटल्यास पाण्याचा प्रवाह दाखवणारा खास एमआरआय करतात. हृदयाच्या ठोक्यागणिक भोकापाशी पाणी वरखाली होतं का, की टॉन्सिलच्या मागे अडतं, ते त्यात कळतं. पाठीच्या कण्याचाही एमआरआय करावा, कारण अडलेल्या पाण्यामुळे मज्जारज्जूच्या आत पोकळी तयार होऊ शकते. मग हाताला चटका बसला तरी कळत नाही, स्पर्श मात्र कळतो. गरम तवा धरूनही जाणवलं नाही, असं कोणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नये.

आणखी एक चकवा असा की, कण्याच्या आवरणातून पाणी गळत असेल तरी टॉन्सिल खाली ओढली जातात आणि चित्र कियारीसारखंच दिसतं. फरक कळतो तो रुग्णाच्या बोलण्यातून: उभं राहिलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. अशा माणसाचं कियारीचं ऑपरेशन केलं तर मूळ गळती तशीच राहते आणि त्रास वाढू शकतो.

खऱ्या कियारीत त्रास जास्त असेल किंवा पोकळी वाढत असेल, तर न्यूरोसर्जन भोकाच्या मागच्या कडेचं थोडं हाड आणि बहुधा पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात, म्हणजे वाट मोकळी होते. पूर्वी मुंबईच्या केईएममध्ये असलेले डॉ. अतुल गोयल यांचं म्हणणं वेगळं: दोष पहिल्या दोन मणक्यांच्या सैल सांध्यात आहे, तो सांधा पक्का करावा. या मतावर जगभरात अजून वाद आहे. खोकल्याची कळ मात्र यशस्वी ऑपरेशननंतर बहुतेकांची कमी होते.

खोकल्याबरोबर डोक्यामागे कळ येत असेल, तर पहिल्या खेपेलाच न्यूरोलॉजिस्टला 'खोकल्यावरच येते आणि लगेच जाते' असं सांगा, आणि कवटी मानेला जोडते तो भाग एमआरआयमध्ये पूर्ण आला आहे ना, हे विचारून घ्या.