शून्याला शेजारी नाहीत

२००१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. २०११ला ती ११,२३,७४,३३३ भरली. हे दोन आकडे समोर ठेवून एक प्रश्न विचारता येईल: २०११च्या जवळ जवळ जाताना जनगणनेचा आकडा कोणत्या संख्येकडे सरकत होता?

प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. पण जनगणना दहा वर्षांतून एकदा व्हायची. २०११च्या मागची सर्वांत जवळची मोजणी २००१ची, आणि मधल्या नऊ वर्षांत एकही मोजणी नाही. २०११चा आकडा काय, हे शेवटच्या अंकापर्यंत सांगता येते. त्या आकड्याकडे जाताना काय दिसते, हे मात्र सांगता येत नाही, कारण जायला वाटच नाही.

कलनशास्त्रातली ‘सीमा’ ही कल्पना नेमकी या जाण्याविषयी आहे. एखादा बिंदू, समजा a, ठरवायचा आणि x त्याच्या जवळ जवळ नेला की f(x) कशाच्या जवळ जाते, हे पाहायचे. प्रत्यक्ष a वर f ची किंमत काय आहे, याच्याशी सीमेला देणेघेणे नसते. म्हणूनच फलन जिथे मांडताच येत नाही, अशा बिंदूवरही सीमा निघू शकते. `sin x / x` मध्ये शून्य घातले तर शून्य भागिले शून्य येते आणि गणित थांबते. पण x ०.१ रेडियन घेतला तर किंमत ०.९९८३ येते, ०.०१ घेतला तर ०.९९९९८. शून्य प्रांताबाहेर असले तरी प्रांतातल्या पायवाटा थेट त्याच्या दारापर्यंत जातात, आणि सीमा १ आहे हे निःशंकपणे म्हणता येते. (फलनात x च्या जागी ज्या संख्या घालता येतात, त्यांचा समूह म्हणजे त्याचा प्रांत.)

आता याच्या उलट घडणारे एक फलन पाहू: `f(x) = √(x³ − x²)`. वर्गमुळाखाली ऋण संख्या चालत नाही. मुळाखालच्या राशीतून `x²` बाहेर काढला तर ती `x²(x − 1)` अशी दिसते. x एक किंवा एकाहून मोठा असेल तर अडचण नाही. x ०.५ घेतला तर मुळाखाली उणे ०.१२५ येते. ०.००१ घेतला तरी उत्तर ऋणच, आणि शून्याच्या डाव्या बाजूची कोणतीही संख्या घेतली तरीही ऋणच. पण खुद्द शून्य घातले तर? मुळाखाली शून्य येते आणि शून्याचे वर्गमूळ शून्य. म्हणजे या फलनाचा प्रांत असा आहे: १ पासून उजवीकडची सगळी रेषा, आणि तिच्यापासून पूर्ण एक एकक दूर, एकटे पडलेले शून्य.

हा ठिपका सहज हरवतो. संगणकावर आलेख काढला तर १ पासून उजवीकडे चढत जाणारा वक्र दिसतो, पण शून्यावरचा ठिपका बहुधा नजरेला पडत नाही, कारण आलेख ठरावीक अंतरावरच्या किमती घेऊन आणि त्या जोडून काढला जातो. कागदावरही तो हरवतो. `√(x³ − x²)` चे ‘सोपे रूप’ `|x|√(x − 1)` लिहिले की शून्य प्रांतातून निघूनच जाते, कारण आता शून्य घातल्यावर उणे एकाचे वर्गमूळ मागावे लागते. बेरीज-गुणाकाराच्या सवयीने केलेली ही एक पायरी फलनाचा प्रांतच बदलून टाकते.

मग शून्यावर या फलनाची सीमा काय? ‘किंमत घालून पाहा’ या सवयीने बरेच विद्यार्थी शून्य असे उत्तर देतात. ते उत्तर चूक आहे असे सिद्ध करता येत नाही. खरी अडचण अशी, की ७ हे उत्तरही चूक आहे असे सिद्ध करता येत नाही, आणि दहा हजार हेही नाही.

हे कसे, ते सीमेच्या व्याख्येत दिसते. ती दोन माणसांमधल्या करारासारखी वाचता येते. पहिला म्हणतो, उत्तर L पासून इतकीच तफावत चालेल. ही तफावत म्हणजे एप्सिलॉन. दुसऱ्याने त्यावर एक अंतर सांगायचे, ते म्हणजे डेल्टा, आणि हमी द्यायची की a पासून डेल्टाच्या आत असलेल्या, पण खुद्द a नसलेल्या, प्रांतातल्या प्रत्येक x साठी f(x) ठरलेल्या तफावतीतच राहील. पहिल्याने तफावत कितीही लहान मागितली तरी दुसऱ्याला हमी देता आली, तर L ही सीमा.

आता दुसऱ्याने डेल्टा ०.५ सांगितला. शून्यापासून अर्ध्या एककाच्या आत, शून्य सोडून, आपल्या फलनाच्या प्रांतात किती संख्या आहेत? एकही नाही. ‘प्रत्येक x साठी’ ही अट मग कोणाला लागू करणार? वर्ग रिकामा असेल तर ‘या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी पास झाला’ हे वाक्य खोटे पाडता येत नाही, कारण खोटे पाडायला नापास झालेला एक तरी विद्यार्थी दाखवावा लागतो. ‘या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी नापास झाला’ हे वाक्यही तितकेच अबाधित राहते. तर्कशास्त्राच्या नियमाने दोन्ही खरी, आणि दोन्हींतून वर्गाविषयी काहीही कळत नाही. इथेही तसेच होते: L शून्य धरा, ७ धरा, दहा हजार धरा, करार कधीच मोडत नाही. मोडेल असा x अस्तित्वातच नाही.

सीमा एकच असते, हे विद्यार्थी प्रमेय म्हणून शिकतात. त्या सिद्धतेत प्रांतातून वाट असण्याची गरज एका शब्दात लपलेली असते. समजा एकाच बिंदूवर ० आणि ७ अशा दोन सीमा आहेत. तफावत ३ मागू. पहिली सीमा सांगते की जवळच्या x साठी f(x) ३ पेक्षा लहान आहे. दुसरी सांगते की ते ४ पेक्षा मोठे आहे. दोन डेल्टांपैकी लहान डेल्टा घेऊ आणि त्याच्या आतला प्रांतातला एक x घेऊ. त्या x साठी f(x) एकाच वेळी ३ हून कमी आणि ४ हून अधिक ठरते, जे अशक्य आहे. सिद्धता संपली.

‘एक x घेऊ’ हे शब्द वाचताना डोळा थबकत नाही, पण सगळा भार त्यांच्यावर आहे. x घ्यायला तो असावा लागतो. आपल्या फलनाच्या शून्याजवळ तो नाही, म्हणून सिद्धता तिथेच अडते आणि ० व ७ शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ज्याला ‘सीमा’ असे एकवचनी नाव द्यायचे, ते एकच असायला हवे. यासाठी व्याख्येच्या सुरुवातीलाच अट घातली जाते: a हा प्रांताचा सीमाबिंदू असावा, म्हणजे कितीही लहान डेल्टा घेतला तरी त्याच्या आत a व्यतिरिक्त प्रांतातली एक तरी संख्या सापडावी. अट व्याख्येच्या आधी येते, म्हणून ती प्रस्तावनेसारखी वगळून वाचली जाते. खरे तर पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

सीमाबिंदू ही कल्पना गेओर्ग कँटर या गणितज्ञाने १८७२ साली एका शोधनिबंधात मांडली. तेव्हा तो हाले विद्यापीठात शिकवत होता, आणि त्याचा प्रश्नही ‘एकच’ या शब्दाभोवतीच फिरत होता: एखादे फलन त्रिकोणमितीय श्रेणीत लिहिले तर ती श्रेणी एकच असते का? मधले काही बिंदू वगळले तरी हे खरे राहते का, हे तपासताना त्याला वगळलेल्या बिंदूंची दाटी मोजायची गरज पडली. ज्या बिंदूच्या प्रत्येक शेजारात समूहातले अगणित बिंदू येतात, त्याला त्याने सीमाबिंदू म्हटले, आणि एखाद्या समूहाच्या सगळ्या सीमाबिंदूंचा नवा समूह बनवला. १, १/२, १/३, १/४ असा समूह घेतला तर त्यातला प्रत्येक बिंदू एकाकी आहे, प्रत्येकाच्या भोवती थोडी मोकळी जागा आहेच. तरीही शून्याजवळ त्यांची गर्दी होते आणि शून्य हा त्या समूहाचा एकमेव सीमाबिंदू ठरतो. तेव्हा जवळ जाण्यासाठी सलग रस्ता लागत नाही. नदीत टाकलेले दगड पुरतात, फक्त ते पलीकडच्या काठापर्यंत पोहोचायला हवेत.

वाट दोन्ही बाजूंनी असावी लागते, हाही एक पक्का बसलेला गैरसमज. आपल्याच फलनात x = १ पाहू. डावीकडे प्रांत नाही. उजवीकडून x १.०१ घेतला तर किंमत ०.१०१ येते, १.०००१ घेतला तर ०.०१०००१. करार फक्त प्रांतातल्या x विषयी आहे आणि तो पाळला जातो, म्हणून सीमा आहे आणि ती शून्य आहे. ‘डावी सीमा नाही, म्हणून सीमा नाही’ असे म्हणणारा जिथे फलनच नाही तिथली साक्ष मागत असतो.

काही ठिकाणी व्याख्या थोडी वेगळी करतात. फ्रान्समधल्या विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांत बहुधा खुद्द a लाही करारात सामील करून घेतात, जर तो प्रांतात असेल तर. त्या व्याख्येने आपल्या फलनाची शून्यावरची सीमा शून्यच येते, कारण आता वर्गात एक विद्यार्थी आहे. पण उणे पाचावर तिथेही सीमा विचारत नाहीत. वर्ग रिकामा राहू नये, ही काळजी दोन्हीकडे घेतलेली आहे.

विकलजात, म्हणजे एखाद्या क्षणी बदलाचा वेग, काढताना मात्र ही सूट मिळू शकत नाही. तिथे `(f(x) − f(a)) / (x − a)` या गुणोत्तराची सीमा घ्यायची असते आणि x च्या जागी a घातला की छेद शून्य होतो. a ला वगळावेच लागते, म्हणून शेजारी नसतील तर वेगही नाही. जनगणनेकडे परत गेले की हे आकड्यांत दिसते. २००१ आणि २०११च्या नोंदींमधून सरळ रेषा काढली तर २०११ला महाराष्ट्राची लोकसंख्या वर्षाला सुमारे १५.५ लाखांनी वाढत होती असे निघते. त्याच दोन नोंदींमधून चक्रवाढीने चढणारा वक्र काढला तर २०११चा वेग सुमारे १६.७ लाख येतो. दोन्ही रेषा दोन्ही आकड्यांतून तंतोतंत जातात. सव्वा लाखाच्या आसपासचा हा फरक मोजणीतून आलेला नाही. मधली रिकामी नऊ वर्षे ज्याने जशी भरली, तसा त्याला वेग मिळाला.