काट्यावरचे वजन तेच, देह मात्र बदललेला

घरातील ज्येष्ठ व्यक्ती सहा महिने नेमाने व्यायामशाळेत जाते आणि तरीही बीएमआय तसूभर हलत नाही, तेव्हा सारे घर हिरमुसते. दोष मात्र पुष्कळदा मोजमापाचा असतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. त्या वजनात चरबी किती आणि स्नायू, हाडे व पाणी किती, हे त्यातून कळत नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३. परंतु याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के! म्हणून बीएमआयची दोन भागांत फोड करावी. चरबीच्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागल्यास मेद निर्देशांक येतो. उरलेल्या वजनाला तसेच भागल्यास मेदविरहित निर्देशांक. दोहोंची बेरीज म्हणजे बीएमआय. याज्ञिकांचे हे आकडे सुमारे ४.७ आणि १७.६ येतात, युडकिन यांचे २ आणि २०.३.

आता समजा, आजोबांची उंची १६० सेंटिमीटर, वजन ६४ किलो आणि चरबी ३२ टक्के आहे. बीएमआय २५, त्यात मेद ८, मेदविरहित १७. सहा महिन्यांच्या वजनी व्यायामानंतर वजन तेच राहिले, पण चरबी २८ टक्क्यांवर आली, तर मेद ७ आणि मेदविरहित १८ होतो. बीएमआय जागचा हलला नाही. तरीही अडीच किलो चरबी जाऊन जवळपास तेवढेच मेदविरहित वजन वाढले.

याउलट, त्यांनी केवळ जेवण तोडून वजन ६० किलोवर आणले आणि चरबी ३२ टक्केच राहिली, तर बीएमआय २३.४ दिसेल आणि घरचे आनंदतील. प्रत्यक्षात गेलेल्या चार किलोंपैकी पावणेतीन किलो मेदविरहित असतील आणि तो निर्देशांक १५.९ वर उतरेल. युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या निकषानुसार पुरुषांत १७ आणि स्त्रियांत १५ यांच्या खालचा आकडा कुपोषणाची शंका उत्पन्न करतो. अशा वेळी जिना चढणे, खुर्चीतून उठणे जड जाऊ लागले आहे का, हे पाहावे.

व्यायामशाळेतील यंत्र सौम्य विद्युत्प्रवाहावरून चरबीचा अंदाज बांधते. आपल्या गोंदियाच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी घटले, तर ते चरबी अधिक दाखवते. पायांवर सूज असेल, तर ते पाणी मेदविरहित भागात धरते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, लघवीनंतर, एकाच यंत्रावर मोजावे आणि एका आकड्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा. हृदयात पेसमेकर असल्यास या यंत्रावर मुळीच उभे राहू नये.