लंडनचे वार्तापत्र : माणशी सारखा कर

लंडनच्या किंवा बाथच्या जुन्या वस्त्यांतून चालताना काही घरांच्या भिंतींवर खिडकीची चौकट दिसते, पण खिडकी नसते. आत विटा रचून ती बुजवलेली असते. काही चौकटी वास्तुरचनेची शोभा म्हणून पहिल्यापासूनच बंद ठेवलेल्या असतात, पण पुष्कळशा बुजल्या त्या करामुळे. 1696 पासून 1851 पर्यंत या देशात खिडक्यांवर कर होता. 1747 साली त्याचे दर नव्याने बांधले गेले. घरामागे एक ठरावीक रक्कम होतीच, तिच्यावर दहा ते चौदा खिडक्यांच्या घराला दर खिडकीमागे वर्षाला सहा पेन्स. नऊ खिडक्या असतील तर हा वाढीव आकार शून्य.

दहा खिडक्यांच्या घराचा हिशेब करून पाहा. दहा गुणिले सहा म्हणजे साठ पेन्स, त्या काळचे पाच शिलिंग. मालकाने एक खिडकी बुजवली की पाचही शिलिंग वाचले. सरकारच्या हाती काहीच आलं नाही आणि त्या खोलीत मात्र कायमचा अंधार झाला. कर भरणाऱ्याच्या खिशातून गेलेला पैसा निदान सरकारी तिजोरीत तरी पोचतो. हा अंधार कुणाच्याच जमेला पडला नाही. करामुळे होणारं नुकसान म्हणून अर्थशास्त्रज्ञ ज्याचा हिशेब मांडतात ते हे.

हे नुकसान शून्यावर आणायचं तर कर कशावर बसवावा? अर्थशास्त्राचं उत्तर सरळ आहे. माणसाला स्वतःच्या वागण्याने बदलता येईल अशा कशावरच नको. माणूस किती कमावतो, काय विकत घेतो, केवढ्या घरात राहतो, यांपैकी कशाचाही संबंध न ठेवता प्रत्येकाच्या नावावर एक रक्कम टाकायची. हाच एकरकमी कर. त्याने माणूस गरीब होतो हे खरं. कदाचित ती तूट भरून काढण्यासाठी तो जास्त तास कामही करील. पण आणखी एक तास काम केल्यावर मिळणारी मजुरी पूर्ण त्याचीच राहते. काम की विश्रांती, मोठं घर की लहान, ही निवड तो खऱ्या किमती पाहूनच करतो. कागदावर यापेक्षा निर्दोष कर नाही.

या देशाने तो जवळजवळ जसाच्या तसा लावून पाहिला, आणि तोही फार जुन्या काळात नाही. 1989 च्या एप्रिलात स्कॉटलंडमध्ये आणि 1990 च्या एप्रिलात इंग्लंड-वेल्समध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने जुनी घरपट्टी रद्द करून ‘कम्युनिटी चार्ज’ आणला. लोकांनी त्याला ‘पोल टॅक्स’च म्हटलं. जुनी घरपट्टी घराच्या अंदाजी भाड्यावर ठरे. आपल्याकडच्या नगरपालिकांना ही पद्धत इंग्रजांकडूनच मिळाली. नव्या करात घर बाजूला पडलं आणि अठरा वर्षांवरच्या प्रत्येकावर नगरपालिकेने ठरवलेली एकच रक्कम आली. सरकारचा हेतू अर्थशास्त्रातल्या या आदर्शाचा नव्हता. नगरपालिकेच्या खर्चाची झळ प्रत्येक मतदाराला लागावी, म्हणजे उधळ्या नगरपालिकांना मतदारच आवरतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांचा मंत्रिमंडळातच विरोध होता. तो मानला गेला नाही.

इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी सरासरी आकार माणशी सुमारे 363 पौंड पडला. त्या दराने हवेलीत राहणाऱ्या जोडप्याला 726 पौंड. आईवडील, कमावता मुलगा आणि आजी असे चौघं प्रौढ एका चाळवजा घरात राहत असतील, तर त्यांना 1452. घर निम्म्याहून लहान आणि कर दुप्पट. लोक रस्त्यावर उतरले यात मला काहीच नवल वाटत नाही. 31 मार्च 1990 रोजी ट्राफल्गार चौकात दंगल पेटली, ती याच करावरून.

पण मला महत्त्वाची वाटते ती दंगलीमागची अडचण. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्याकडून 363 पौंड कसे घेणार? म्हणून सरकारने पहिल्यापासूनच सवलत ठेवली होती. सर्वांत गरिबांना ऐंशी टक्के माफी, म्हणजे त्यांनाही पाचवा हिस्सा भरावा लागेच. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की दर जादा पौंडामागे ही सवलत पंधरा पेन्सने घटे. इथेच सिद्धांत हातातून निसटतो. सवलत घेणाऱ्या बाईने आठवड्याला दहा पौंड जास्त मिळवले तर दीड पौंड सवलतीतून गेले. तिच्यापुरता तो पुन्हा उत्पन्नावरचा कर झाला. कर माणुसकीचा करायला जावं तर तो एकरकमी राहत नाही, आणि एकरकमी ठेवावा तर गरिबाला पेलत नाही.

मग श्रीमंताला मोठी आणि गरिबाला लहान, अशी रक्कम जन्मतःच का ठरवू नये? सिद्धांतात याला जागा आहे. स्कॉटलंडचेच जेम्स मर्लीस यांनी 1971 मध्ये जे मांडलं, आणि ज्यासाठी 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी हाच पेच आहे. कर बसवायचा तर माणसाच्या कमावण्याच्या कुवतीवर बसवावा, पण कुवत सरकारला दिसत नाही. दिसते ती कमाई. विचारायला जावं तर कुवतवान माणूस ती लपवील. म्हणून सरकारला कमाईवर कर लावावा लागतो, आणि कमाई माणूस बदलू शकतो. आयकराने होणारं नुकसान सरकारच्या आळसामुळे नाही. ते या न दिसण्याची किंमत आहे.

आणि साधा, सर्वांना सारखा करही पुरता निर्दोष ठरला नाही, कारण दोन गोष्टी माणसाच्या हाती उरल्याच. पहिली, राहायचं कुठे. 1990 मध्ये लंडनमधल्या वॉन्ड्सवर्थने 148 पौंड लावले, शेजारच्या लॅम्बेथमध्ये आकार त्याच्या तिपटीहून जास्त होता. दुसरी, यादीत यायचं की नाही. घर जागेवरून हलत नाही, माणूस हलतो. भाड्याच्या खोल्या बदलणारी तरुण मुलं नगरपालिकेला सापडेनात. मतदारयादीत नाव घातलं तर कराचा कागद येईल या भीतीने अनेकांनी मतदानाचा हक्कच सोडला. 1991 च्या जनगणनेत तरुण पुरुषांची नोंद बरीच कमी भरली, त्यामागे या कराची धास्ती हे एक कारण मानलं जातं. इंग्लंडने हे पूर्वीही पाहिलं होतं. 1377 मध्ये माणशी चार पेन्स घेतले, 1381 च्या वसुलीत बारा; आणि या चार वर्षांत नोंदलेल्या करदात्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. माणसं मेली नव्हती, यादीतून उतरली होती. पाठोपाठ शेतकऱ्यांचं बंड झालं.

नोव्हेंबर 1990 मध्ये थॅचर गेल्या. पुढल्या मार्चच्या अर्थसंकल्पात माणशी 140 पौंडांची सूट दिली गेली आणि त्यासाठी मूल्यवर्धित कर 15 वरून 17.5 टक्क्यांवर नेला. खरेदीवर कर वाढवून खरेदीशी संबंध नसलेला कर हलका केला, आणि लोकांनी ते सोसलं. 1993 पासून घराच्या किमतीचे आठ गट करून ‘काउन्सिल टॅक्स’ सुरू झाला. इंग्लंडमध्ये ते गट आजही एप्रिल 1991 च्या किमतींवर उभे आहेत. घर वाढवलं तरी विकेपर्यंत त्याचा गट बदलत नाही, म्हणजे राहत्या माणसापुरता हा करही वागण्याशी फारसा बांधलेला नाही. त्याचा अन्यायही त्याच जातीचा आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधली सर्वांत वरच्या गटातली हवेली ईशान्येच्या हार्टलपूलमधल्या मधल्या गटातल्या घरापेक्षा आज कमी कर भरते. किमती नव्याने लावायच्या तर कुणाचा तरी कर एकदम वाढणार, आणि 1990 आठवणाऱ्या कोणत्याही पक्षाने इंग्लंडमध्ये तीस वर्षांत ते काम तडीस नेलेलं नाही.